दिवसाची शेजपाळी

प्रश्न : "मी जलसंपदा विभागात शाखा अभियंता होतो आणि गेल्या ३१ मे रोजी वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झालो. दुसऱ्याच दिवशी मी वहीत वेळापत्रक आखले. पाचला उठणे, साडेपाच ते साडेसहा फिरणे, सात ते आठ वर्तमानपत्र, नऊ ते अकरा वाचन, अकरा ते बारा हार्मोनियम, असे रात्री दहापर्यंत सगळे रकाने भरले होते. ते तीन आठवडे चालले. मग एक रकाना चुकला की पुढचे सगळे चुकू लागले, आणि शेवटी वही कपाटात गेली. आता वर्तमानपत्र आणि मोबाईल यांत साडेदहा वाजतात, दुपारी जेवून झोपतो तो साडेचारला उठतो आणि रात्री एक वाजेपर्यंत झोप लागत नाही. पत्नी म्हणते की मी घरात असलो की तिची कामे लांबतात. घर साताऱ्यात आहे, कोरेगाव तालुक्यात गावाकडे भावाची शेती आणि आमची जुनी विहीर आहे, निवृत्तिवेतन वेळेवर मिळते, तब्येत बरी आहे. मला पुन्हा कचेरी नको. पण आजचा दिवस कशात गेला हे संध्याकाळी सांगता येत नाही, याची बोचणी लागते. माझ्यात शिस्तच उरली नाही असे समजावे का?"
— एक वाचक, सातारा

उत्तर : शिस्त नसलेल्या माणसाने असे वेळापत्रक तीन दिवसही चालवले नसते, तेव्हा तो निष्कर्ष आपण आधी बाजूला ठेवू. मला शंका आहे ती त्या वहीविषयीच. नोकरीतली एकच गोष्ट तुम्ही घरी आणलीत, ती म्हणजे घड्याळ. पण नोकरीत तुम्हाला कामाला लावणारे घड्याळच होते का, हे एकदा आठवून पाहा. रब्बीचे आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची फेरी, चालू असताना रात्री अकराला पाटकऱ्याचा फोन येई की चारी फुटली आहे, आणि तुम्ही पायात चपला घालून निघत असाल. ते कोणत्या रकान्यात लिहिले होते म्हणून निघत नव्हता. खाली टेलला, म्हणजे चारीच्या शेवटाला, कोणीतरी दारे धरण्यासाठी बसून आहे हे माहीत होते म्हणून निघत होता. शिवाय ते आवर्तन कधीतरी संपत असे. कालवा बंद झाला, हिशेब लागला, फाईल मिटली, की काम झाले असे तुम्हाला म्हणता येई. "नऊ ते अकरा वाचन" या ओळीत या दोन्हींपैकी एकही गोष्ट नाही. तिथे कोणी तुमची वाट पाहत नाही आणि अकरा वाजले म्हणून काही पुरेही होत नाही. अशी ओळ कितीही शिस्तीच्या माणसाला फार काळ धरून ठेवू शकत नाही.

मला उत्तर तुमच्याच खात्यातल्या एका शब्दाने द्यावेसे वाटते. माझे वडील पाटाच्या पाण्यावर शेती करत आणि आमचे रान चारीच्या अगदी शेवटाला होते, त्यामुळे शेजपाळी हा शब्द मी शाळेत जाण्याच्या आधीपासून ऐकत आले आहे. ज्या वाचकांना तो परिचित नसेल त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगते. पंजाब-हरियाणाकडे पाटाचे पाणी वाटण्याची वारबंदीची पद्धत आहे. तिच्यात प्रत्येक शेतकऱ्याला आठवड्यातला ठरावीक वार आणि ठरावीक वेळ मिळते, ती वेळ किती असावी हे त्याच्या जमिनीच्या क्षेत्रावरून ठरते, आणि ती संपली की रान भिजलेले असो वा नसो, पाणी पुढच्याकडे जाते. महाराष्ट्रात रूढ असलेल्या शेजपाळीत आधी शेतकऱ्यांचे पाणी अर्ज येतात, मंजूर अर्जांवरून पाळ्यांचा क्रम लागतो, आणि ज्याची पाळी आली त्याने पीक भिजेपर्यंत पाणी घेऊन मग ते शेजारच्या रानाकडे सोडायचे असते. क्रम पक्का असतो, आवर्तन किती दिवस चालणार हेही ठरलेले असते, पण एका रानाला किती वेळ लागेल हे ते रान आणि त्यातले पीक सांगते. तुम्ही वहीत वारबंदी आखली होती, म्हणून एक पाळी चुकताच पुढच्या सगळ्या चुकल्या. तुमच्या आताच्या दिवसाला शेजपाळी लावून पाहावी, असे मला वाटते.

तिच्यासाठी पाळ्या फार नकोत, चार पुरतात, आणि त्यांच्या हद्दी घरात आधीपासून आखलेल्याच आहेत. उठल्यापासून न्याहारीपर्यंत पहिली, न्याहारीपासून दुपारच्या जेवणापर्यंत दुसरी, जेवणापासून दुपारच्या चहापर्यंत तिसरी आणि चहापासून दिवेलागणीपर्यंत चौथी. घड्याळ घरोघरी येण्यापूर्वी आपल्याकडची माणसे दिवस असाच मोजत होती, आणि शेतावर आजही "न्याहारीच्या आत एवढे उरकू" असेच म्हणतात. या हद्दींचा मोठा फायदा असा की त्या ऋतूप्रमाणे स्वतःच सरकतात. मे महिन्यात ऊन लवकर चढते म्हणून फिरणे आपोआप लवकर होते, पावसाळ्यात एखादी सर थांबेपर्यंत थांबले तरी काही बिघडत नाही, कारण "साडेपाच ते साडेसहा" असा रकाना मुळात नसतोच. प्रत्येक पाळीत एकच मुख्य काम धरा. एका पाळीत दोन कामे घातलीत की ती कोणत्या वेळेला बदलायची हा प्रश्न येतो, आणि त्या प्रश्नाबरोबर घड्याळ परत येते.

आता त्या क्रमाविषयी, कारण तुमच्या दिवसातला खरा दोष मला तिथे दिसतो. शेजपाळीतली जुनी तक्रार तुम्हाला सांगायला नको: हेडवरची, म्हणजे चारीच्या सुरुवातीची, रानेच भरपूर पाणी घेतात आणि टेल कोरडे राहते. आमच्या रानाची पाळी बहुधा रात्री येई. वडील बांधावर कंदील ठेवून बसत, आणि चारीतून आधी वाळलेली पाने सरकत येत, त्यांच्यामागे फेस, आणि मग पाणी. पण कित्येक रात्री पाने यायची आणि पाणी मात्र वरच्या रानांतच जिरायचे. त्यावर नियोजन करणाऱ्यांनी काढलेला उपाय म्हणजे टेलकडून हेडकडे पाणी देत येणे, म्हणजे शेवटच्याला आधी भिजवून मग वर सरकणे. तुमच्या दिवसाच्या हेडवर वर्तमानपत्र आणि मोबाईल बसले आहेत. त्यांना तोटी नाही. जेवढे सोडाल तेवढे ते घेतात. आणि टेलला बसली आहे हार्मोनियम, जिच्यापर्यंत आठ महिन्यांत पाणी जवळजवळ पोहोचलेलेच नाही.

म्हणून न्याहारीनंतरची दुसरी पाळी हार्मोनियमची, आणि वर्तमानपत्र दुपारच्या चहाला. दुपारी वाचले म्हणून कोणती बातमी शिळी होत नाही, उलट सकाळची ताजी दोन-तीन तासांची बुद्धी त्या कामाला मिळते ज्याला ती खरोखर लागते. किती वेळ वाजवायचे हे मी सांगणार नाही. मात्र भिजले म्हणजे काय, हे बसण्यापूर्वी ठरवा. "आज हा अलंकार तिन्ही लयींत न चुकता एकदा" असे ठरवलेत तर कधी तो वीस मिनिटांत होईल, कधी तासाभराने होईल, आणि झाला की भाता मिटून मोकळ्या मनाने उठता येईल. वाचनालाही हेच लागू आहे. तुमच्या वहीत पुस्तकाचे नाव नव्हते, फक्त "वाचन" होते. अभियंत्याने अंदाजपत्रकात नुसते "बांधकाम" लिहिल्यासारखे ते झाले. एक पुस्तक, त्याचे आजचे एक प्रकरण, आणि ते वाचून झाल्यावर कोणाला सांगता येईल असे काही, एवढे असले की वाचन काम होते.

या सगळ्यात घड्याळाने पाळायची एकच वेळ मी सुचवते, ती उठण्याची. झोपायची वेळ ठरवून पाळता येत नाही, कारण झोप आज्ञेने येत नाही. उठायची मात्र पाळता येते. जागे झाल्यापासून शरीरात झोपेची गरज हळूहळू साठत जाते आणि रात्री ती पुरेशी साठली की झोप लागते. दुपारी दोन-अडीच तास झोपलात की साठलेले बरेच तिथेच खर्च होते, मग रात्री एक वाजतो, सकाळी उशीर होतो, न्याहारी साडेदहाला जाते आणि चारही पाळ्या सरकतात. म्हणजे तुमचा विस्कटलेला दिवस आणि विस्कटलेली रात्र या दोन तक्रारी नसून एकच आहे. साडेसहाला उठायचे ठरवलेत तर रात्री कितीही वाजता झोप लागलेली असो, अर्ध्या तासाच्या फरकाने तेव्हाच उठा, रविवारीही. पाचचा आग्रह सोडा. पहाटे उठणे हे पुण्य असल्याचे आपण लहानपणापासून ऐकतो, पण शरीराला रोज तीच वेळ असण्याने अधिक फायदा होतो. उठल्यावर वीस-तीस मिनिटे उजेडात बाहेर राहा, कारण शरीराचे घड्याळ सकाळच्या उजेडाने लागते. तिथे फिरणे आपसूक होते. दुपारची डुलकी बंद करायला मी सांगत नाही, ती पलंगाऐवजी आरामखुर्चीत घ्या, पंचवीस-तीस मिनिटांचा गजर लावा आणि तीनच्या आत संपवा. यापेक्षा लांबली की झोप गाढ होते आणि त्यातून उठल्यावर डोके तासभर जड राहते. साडेचारला उठल्यावर तुम्हाला सुस्ती वाटत असेल तर ती बहुधा त्यातलीच. पहिले सात-आठ दिवस संध्याकाळी सातलाच पेंग येईल. ती येणारच. तेव्हा गच्चीत किंवा गल्लीत एक फेरी मारा, लगेच अंथरुणावर पडू नका.

पत्नीच्या वाक्यावर तुम्ही पत्रात थांबला नाहीत, पण मला तिथे थांबावेसे वाटते. तुमच्या घरात दिवसाची मांडणी नाही असे नाही. ती तीसेक वर्षे चालत आलेली आहे आणि ती त्यांची आहे. कुकर कधी लागतो, मोलकरीण कधी येते, भाजीवाला कधी हाक देतो, त्यानंतर त्या पंधरा मिनिटे कुठे बसतात, हे सगळे एका क्रमाने चालत होते, आणि त्या क्रमात साडेदहाची तुमची न्याहारी व मध्येच मागितलेला चहा आता येऊन पडला आहे. तेव्हा नवी मांडणी करण्यापूर्वी एक दिवस त्यांना विचारा की तुमचा दिवस कसा जातो, आणि उत्तर मधे न बोलता ऐका. मग त्या क्रमातले एक काम पूर्णपणे आपल्याकडे घ्या. मदत म्हणून नको, कारण मदत करणाऱ्याला दर वेळी काय करू म्हणून विचारावे लागते आणि सांगण्याचे काम पुन्हा त्यांच्याच माथी येते. समजा सकाळचा चहा आणि न्याहारी तुमची. मग पोहे भिजवण्यापासून गॅसचा ओटा पुसण्यापर्यंत आणि रवा संपत आल्याचे लक्षात ठेवण्यापर्यंत सगळे तुमचे. यातून एक गोष्ट आपोआप साधते: ज्या न्याहारीवर तुमच्या दोन पाळ्यांची हद्द उभी आहे, ती तुमच्याच हातात येते आणि तिची वाट पाहणारे एक माणूस घरात असते.

वाट पाहणारे माणूस ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा का आणते आहे, हे तुमच्या विहिरीवरून सांगते. भावाने उन्हाळी भुईमूग किती लावावा किंवा जनावरांचा चारा जूनपर्यंत निघेल का, हे त्या विहिरीतल्या पाण्यावर ठरते, आणि बहुतेक ठिकाणी हा अंदाज डोळ्यांनीच बांधला जातो. तुम्ही महिन्यातून एकदा, समजा दर पहिल्या रविवारी, गावी जाऊन पाणीपातळी मोजायला लागा. काठावर रंगाने एक कायमची खूण करा आणि प्रत्येक माप तिथूनच घ्या. स्टीलच्या मोजपट्टीला टोकाशी वजन बांधा, खालच्या मीटरभर पट्टीला खडू चोळा, टोक पाण्यात बुडेपर्यंत ती सोडा, खुणेपाशी आलेला आकडा वाचा आणि वर काढल्यावर खडू जिथवर ओला झाला आहे तेवढी लांबी त्यातून वजा करा. समजा खुणेवर ९ मीटर आले आणि ४० सेंटिमीटर पट्टी ओली झाली, तर पाणी ८.६० मीटरवर आहे. माप सकाळी मोटार सुरू होण्यापूर्वीच घ्यायचे, कारण उपसा चालू असताना किंवा नुकता थांबलेला असताना पातळी खाली गेलेली असते आणि ती परत चढायला वेळ लागतो. म्हणून आदल्या दिवशी मोटार किती तास चालली हे भावाला विचारून तेही लिहायचे. हे तुम्हाला येते, मी केवळ इतर वाचकांसाठी लिहिले. मला सांगायचे आहे ते एवढेच की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात भाऊ स्वतः फोन करून विचारील, "कितीवर आहे?" आणि त्या रविवारी उठावे की नाही हा प्रश्न तुमच्यासमोर उरणार नाही.

पाऊस सुरू झाला की याच्या जोडीला रोजचे एक लहान काम येते. घराजवळ मोकळी जागा असेल तिथे पर्जन्यमापक ठेवा; जवळची भिंत किंवा झाड जेवढे उंच असेल त्याच्या निदान दुप्पट अंतरावर तो असावा. हवामान खाते पावसाची नोंद सकाळी साडेआठला घेते आणि तो आकडा मागच्या चोवीस तासांचा मानते. तुम्हीही तीच वेळ धरा, म्हणजे तुमचा आकडा इतरांच्या आकड्यांशेजारी ठेवता येईल. हे काम पाच मिनिटांचे आहे, पण न्याहारीच्या आधी घराबाहेर पडायला ते लावते. जवळच्या शाळेतल्या एखाद्या शिक्षकाला विचारलेत तर तो आकडा फळ्यावर लिहायला ते बहुधा तयार होतील. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, म्हणून ६० चौरस मीटरच्या गच्चीवर वीस मिलिमीटर पडला की बाराशे लिटर पाणी पडले, हे पाचवीच्या मुलांना तुमच्याइतके चांगले कोण सांगणार? आठवड्यातून एक तास, तेवढेच.

पावसाच्या नोंदवहीचा एक नियम मला तुमच्या दिवसासाठीही उपयोगी वाटतो. पाऊस पडला नाही त्या दिवशी ० लिहायचा, आणि तुम्ही परगावी होता म्हणून माप घेतलेच नाही त्या दिवशी आडवी रेघ मारायची. शून्य आणि रेघ यांत गोंधळ करायचा नाही. दोन दिवसांचा पाऊस भांड्यात एकत्र साठला असेल तर दोन दिवसांची बेरीज म्हणून तो लिहायचा, अंदाजाने दोन्हीकडे वाटायचा नाही. त्या कपाटातल्या वहीची मागची पाने मोकळी असतील. दिवेलागणीला तिथे एकच ओळ लिहा: आज कोणती गोष्ट पुढे सरकली. "अलंकार मध्य लयीत जमला." "स्वयंपाकघरातला गळका नळ बदलला." काही सरकले नसेल तर ० लिहा, शून्य ही प्रामाणिक नोंद आहे आणि पाहुणे येऊन गप्पांत गेलेल्या दिवशी ते शून्य सुखाचेही असते. लिहायचे राहून गेले तर दुसऱ्या दिवशी रेघ मारा आणि पुढे चला, मागचे भरून काढू नका. तुमचे वेळापत्रक कोसळले ते एका चुकलेल्या दिवसाने नव्हे, तो दिवस भरून काढण्याच्या धडपडीने, असे तुमच्या वर्णनावरून वाटते. संध्याकाळची ती बोचणी मात्र या ओळीने महिनाभरात बरीच उतरेल, कारण दिवस कशात गेला ते लिहिलेले असेल.

बँक, वीजबिल, औषधे, नगरपालिका ही कामे निवृत्त माणसाचा दिवस पोखरतात, कारण अर्ध्या तासाचे काम "आता वेळच आहे" म्हणून सगळी सकाळ घेते, आणि दुपारी थकवा येतो पण काही केल्याचे समाधान येत नाही. त्यांना एक वार द्या. बुधवार धरा, आठवडाभर सुचेल ते चिठ्ठीवर लिहीत जा आणि बुधवारी एका फेरीत उरका. शनिवार नको, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. नोव्हेंबरात हयातीचा दाखला असतो, तो पहिल्याच बुधवारी देऊन टाका. बाकी वारांना सकाळची दुसरी पाळी या कामांसाठी मोडायची नाही, आणि आठवड्यातला एक वार पूर्ण मोकळा ठेवायचा, ज्या दिवशी कोणताही क्रम नसेल.

आणखी एका धोक्याविषयी मी स्वानुभवाने सांगते. मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यावर पहिल्या चार महिन्यांत ज्यांनी ज्यांनी बोलावले त्यांना होकार दिला, आणि तीन समित्यांच्या सभा, इतिवृत्ते आणि रुसवेफुगवे यांत मी नोकरीत होते त्याहून जास्त अडकले. त्यांतून बाहेर पडायला वर्ष लागले आणि काही माणसे दुखावलीही. तुम्ही अभियंता आहात, म्हणजे गृहनिर्माण संस्थेचे सचिवपद, गावच्या मंदिराचे बांधकाम आणि नातेवाईकांच्या घरांचे नकाशे तुमच्या दाराशी येणारच. होकार देण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा: काम कधी संपणार हे सांगता येते का, आणि ते आठवड्याच्या दोन पाळ्यांत मावते का. "पाण्याच्या टाकीची गळती शोधून अंदाजपत्रक करून देतो" हे घ्यावे. "सचिव व्हा" हे निदान पहिले वर्ष घेऊ नये. मावत नसल्याची खूण अशी की फोन जेवताना येऊ लागतात आणि हार्मोनियमवर कापड तसेच राहते.

अशीच पत्रे पाठवणाऱ्या इतर वाचकांपैकी काहींची स्थिती याच्या उलट आहे. नातवंड सांभाळणाऱ्या आजी-आजोबांचा दिवस शाळेच्या बसने आणि डब्याने आधीच बांधलेला असतो. त्यांना नव्या पाळ्या लावायच्या नाहीत, तर बस गेल्यापासून ती परत येईपर्यंतची एक पाळी फक्त स्वतःची म्हणून मुलगा-सुनेला स्पष्ट सांगून राखायची आहे. जे एकटे राहतात त्यांना हद्दी आखून देणारे घरात कोणी नसते, म्हणून त्यांनी निदान एक जेवण किंवा एक चहा आठवड्यातून तीन-चार वेळा दुसऱ्या कोणाबरोबर ठरवून ठेवावा. एकट्याच्या घरात जेवणाची वेळ सर्वांत आधी घसरते, आणि ती घसरली की औषधांची वेळही घसरते.

एक गोष्ट मात्र तुम्ही मनात ठेवा. उठण्याची वेळ आणि डुलकी सांभाळूनही झोप सुधारली नाही, किंवा हार्मोनियम, गाव, माणसे यांतले काहीच नकोसे वाटणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, भूक कमी झाली, तर तो मांडणीचा प्रश्न समजू नका आणि डॉक्टरांना भेटा. नोकरी सुटल्यानंतर नैराश्य येऊ शकते, त्यावर उपचार आहेत, आणि ते शिस्तीने हटत नाही.

हे सगळे एकदम सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त उठण्याची वेळ आणि दुपारचा गजर. दुसऱ्या आठवड्यात न्याहारी तुमच्याकडे घ्या आणि वर्तमानपत्र चहाला ढकला. तिसऱ्या आठवड्यात सकाळच्या पाळीत हार्मोनियम काढा, भात्यातून हवा गळत असेल तर आधी दुरुस्तीला टाका, ते त्या आठवड्याच्या बुधवारचे काम. सध्या फेब्रुवारी आहे. मार्चच्या पहिल्या रविवारी कोरेगावची पहिली एसटी धरायची असेल तर आदल्या रात्रीच पिशवीत मोजपट्टी, वजन, खडू आणि रंगाची लहान डबी भरून ठेवा, आणि भावाला सांगून ठेवा की मी येईपर्यंत मोटार चालू करू नकोस.